आधी त्यांचं प्रोफाइल वाच, मग मेसेज लिही

*सर, मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा अॅनालिसिसमध्ये जायचं आहे. सगळे म्हणतात, माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर मेसेज कर. मी चौदा जणांना केला. एकाने ‘रिझ्युमे पाठव’ म्हटलं, मी पाठवला, पुढे काहीच नाही. बाकीचे गप्प. मला स्वतःलाच तो मेसेज वाचून वाटतं की मी काहीतरी मागायला आले आहे. पण मला खरंच सल्ला हवा आहे. कसं लिहू? मेसेज सोबत जोडला आहे.*

तुझा मेसेज तीनदा वाचला. ‘नमस्कार, मी आपल्याच कॉलेजची विद्यार्थिनी आहे. आपलं प्रोफाइल खूप प्रेरणादायी वाटलं. मला या क्षेत्रात यायचं आहे, तरी आपलं बहुमूल्य मार्गदर्शन मिळावं ही विनंती.’ भाषा नम्र आहे, चूक कुठेच नाही. पण वरचं नाव झाकलं तर हा मेसेज कुणालाही चालेल, बँकेतल्या माणसाला आणि औषध कंपनीतल्यालाही. चौदा जणांना तू हाच पाठवलास, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. मागितल्याचा वास येतो तो इथून. काही मागण्यात वावगं नाही. खुपतं ते हे की समोरचा माणूस कोण आहे, याने तुझ्या मागण्यात काही फरक पडत नाही.

म्हणून लिहिण्याआधी निवड बदल. कॉलेजच्या लिंक्डइन पानावर Alumni असा भाग असतो. तिथे कोण कुठे राहतं, कुठे काम करतं, कोणत्या प्रकारचं काम करतं, काय शिकलं, यावरून यादी गाळता येते, पदवीची वर्षंही टाकता येतात. मुलं बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या पदावरचा माणूस शोधतात. मी तुला उलटं सांगेन. तुझ्यापुढे चार ते सहा वर्षं असलेली माणसं शोध. पहिल्या नोकरीच्या वेळी काय कळत नव्हतं, हे त्यांना अजून आठवतं. वीस वर्षं झालेल्या माणसाला त्याचं क्षेत्र उत्तम कळतं, पण तू आज ज्या दारात उभी आहेस ते दार त्याच्या वेळी वेगळं होतं.

आता एक प्रोफाइल आपण सोबत वाचू. समज, तुझ्याच विभागातून 2019 साली बाहेर पडलेल्या एक जणी आहेत. पहिली तीन वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात विश्लेषक. 2022 पासून एका रुग्णालय समूहाच्या डेटा टीममध्ये. बहुतेक विद्यार्थी इथे ‘डेटा अॅनालिस्ट’ हे दोन शब्द वाचून थांबतात. तू दोन नोकऱ्यांमधल्या सांध्याकडे बघ. विम्यातून आरोग्याकडे त्या का गेल्या असतील? दाव्यांच्या कामात शिकलेलं तिथे काय उपयोगी पडलं आणि काय नव्याने शिकावं लागलं? याचं उत्तर प्रोफाइलवर नाही, पाठ्यपुस्तकात नाही, आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. असा सांधा सापडला की प्रश्न आपोआप तयार होतो. तो सापडला नाही तर त्या माणसाला मेसेज करूच नकोस, दुसरा शोध.

ओळख नसलेल्या माणसाला थेट लांब मेसेज फुकटच्या खात्यावरून सहसा जात नाही, आधी जोडणीची विनंती पाठवावी लागते. तिच्यासोबतच्या टिपणाला फुकटच्या खात्यावर साधारण 200 अक्षरांची मर्यादा आहे, आणि अशी टिपणं महिन्याला मोजकीच पाठवता येतात. म्हणजे चौदा जणांना पाठवायची चैन तुला तशीही नाही. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे जागा वाटते त्याहून लवकर संपते. एवढ्या जागेत फक्त तू कोण आणि याच माणसाला का, एवढंच बसतं:

‘नमस्कार मॅडम. मी आपल्याच विभागात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विम्यातून आरोग्यक्षेत्राकडे गेलेला तुमचा प्रवास वाचला. त्याबद्दल एक प्रश्न विचारायचा आहे. जोडून घ्याल का?’

त्यांचं प्रोफाइल इंग्रजीत असेल तर हेच इंग्रजीत लिही, पण तितकंच साधं. त्यांनी विनंती स्वीकारली की एक-दोन दिवसांत खरा मेसेज पाठव. महिनाभर थांबलीस तर तू कोण हे त्या विसरतील. साधारण असा:

‘विनंती स्वीकारल्याबद्दल आभार, मॅडम. तुम्ही तीन वर्षं दाव्यांचं काम करून रुग्णालयाच्या डेटाकडे गेलात. मी सध्या प्रकल्पात विम्याच्या दाव्यांचा एक खुला डेटासंच वापरते आहे. मॉडेल बसवण्यापर्यंत जमतं, पण खऱ्या कामात दिवसाचा किती वेळ त्यात जातो आणि किती वेळ डेटा नीट करण्यात जातो, याचा मला अंदाज नाही. रुग्णालयात गेल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय नव्याने शिकावं लागलं? दोन ओळींत सांगितलंत तरी मला पुढच्या सहा महिन्यांत काय शिकायचं ते ठरवता येईल. वेळ नसेल तर उत्तर नाही आलं तरी काही हरकत नाही.’

यात तुझा रिझ्युमे नाही, ‘पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का’ नाही. फोनची विनंती छोटी वाटते, पण समोरच्याला वेळ काढावा लागतो, तारीख ठरवावी लागते, अनोळखी माणसाशी काय बोलायचं याचा विचार करावा लागतो. दोन ओळींचं उत्तर मात्र बसल्या जागी लिहिता येतं. त्या उत्तरातून बोलणं वाढलं तर फोनचा विषय पुष्कळदा तेच काढतात. आणि ‘मी सध्या हे करते आहे, इथे अडते आहे’ हे वाक्य गाळू नकोस. तू स्वतः हात घातला आहेस हे त्यातून दिसतं, आणि उत्तर कुठल्या पातळीवर द्यायचं हेही कळतं. ते नसेल तर सल्ला ‘मेहनत कर, एसक्यूएल शिक’ इतकाच मिळतो.

तुझ्या पत्रातली जी गोष्ट तुला टोचते आहे तिच्याबद्दल थोडं बोलतो. सल्ला हवा आहे असं तू म्हणतेस, आणि सहा महिन्यांत नोकरीही हवी आहे. दोन्ही खरं आहे, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण एकाच्या आडून दुसरं मागू नकोस. पहिल्या मेसेजमध्ये सल्ला, त्याला उत्तर आलं की लगेच ‘तुमच्याकडे जागा आहे का’, असं झालं की समोरच्याला वाटतं, तो प्रश्न निव्वळ निमित्त होता. रेफरल हवाच असेल तर तो उघडपणे माग. जाहीर झालेली नेमकी जागा, तिचा क्रमांक, तू त्या जागेसाठी का योग्य आहेस ते दोन वाक्यांत, आणि ‘माझं काम बघून योग्य वाटलं तरच’ एवढं. पण तो त्या माणसाकडे माग, ज्याने तुझं काम थोडं तरी पाहिलं आहे. रेफर करताना माणूस आपलं नाव लावतो. न पाहिलेल्या कामाला नाव लावायला तो कचरत असेल, तर त्यात त्याचा उद्धटपणा नाही.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवस थांब. मग एकदाच, दोन ओळी: ‘मागे एक प्रश्न विचारला होता, कदाचित नजरेआड झाला असेल. घाई नाही.’ त्यानंतर सोडून दे. पुष्कळ माणसं लिंक्डइन आठवड्यातून एकदाही उघडत नाहीत, त्यामुळे गप्प राहण्यात तुझ्याबद्दलचं मत शोधू नकोस. फक्त घाईने विनंती मागे घेऊ नकोस. मागे घेतली की त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

आता उत्तर आल्यानंतरचं. इथेच बहुतेक जण चुकतात. ‘खूप खूप धन्यवाद मॅडम!’ असं लिहून मुलं निघून जातात आणि थेट सात महिन्यांनी नोकरीसाठी परततात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला माजी विद्यार्थ्याने इतकंच सांगितलं होतं की कामात सगळ्यात जास्त वेळ तारखा नीट करण्यात जातो. त्याने आभार मानले आणि एक खुला डेटासंच घेऊन बसला. तीन आठवड्यांनी त्याने पुन्हा लिहिलं: ‘तुम्ही तारखांबद्दल म्हणाला होतात. मी घेतलेल्या डेटात तारखा तीन पद्धतींनी लिहिल्या होत्या, आणि 3/4 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे काही नोंदींत ठरवताच येईना. त्या नोंदी मी वेगळ्या काढून ठेवल्या. तुम्ही काय केलं असतं?’ त्या माणसाने त्या दिवशी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात कुणी त्याच्याकडे काही मागत नव्हतं. त्याने दिलेला सल्ला कुठे पोचला, हे कुणीतरी परत येऊन त्याला सांगत होतं, आणि पुढचा प्रश्न त्या कामातूनच आला होता. दर आठवड्याला असं लिहायची गरज नाही. सांगण्यासारखं काही घडलं की लिही, नाही घडलं तर लिहू नकोस. सणाच्या शुभेच्छांनी ओळख टिकवायचा प्रयत्न करू नकोस, तो ओळखू येतो.

ज्यांनी ‘रिझ्युमे पाठव’ म्हटलं, त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्या मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांनी देता येईल ती गोष्ट दिली. तिथलं दार बंद झालेलं नाही. त्यांचं प्रोफाइल पुन्हा वाच, सांधा शोध, आणि या आठवड्यात त्यांना लिही: ‘सर, मागे रिझ्युमे पाठवला होता, त्याबद्दल विचारत नाही. तुमचं प्रोफाइल नीट वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली,’ आणि पुढे तो एक प्रश्न. बाकीच्या तेरा जणांपैकी ज्यांच्या बाबतीत असा प्रश्न सापडेल त्यांनाच पुन्हा लिही. ते दोन किंवा तीनच निघाले तर तेवढ्यांनाच लिही.