पुनर्विकास, पुनः तपासणी, फेरतपासणी: कुठे जोडायचं?

प्रश्न : सोसायटीची नोटीस लिहितोय. ‘पुनर् विकास’, ‘पुर्नविकास’ की ‘पुनर्विकास’? आणि ‘पुनर्तपासणी’ जोडून की ‘पुनः तपासणी’ तोडून? ओळखायची काही खूण आहे का?

‘पुनर्विकास’. एकच शब्द, मध्ये जागा नाही आणि रफार ‘वि’वर.

जोडायचं की तोडायचं हे ठरवताना मी एक साधी गोष्ट करून बघते: दोन भागांच्या मध्ये तिसरा शब्द घालते. ‘पुन्हा तपासणी झाली’ याचं ‘पुन्हा एकदा कसून तपासणी झाली’ असं सहज होतं. म्हणजे ‘पुन्हा’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो सुटाच लिहायचा. ‘पुनर्’ आणि ‘विकास’ यांच्यामध्ये मात्र काहीच शिरत नाही. मराठीत ‘पुनर्’ एकटा उभा राहत नाही, म्हणून तो पुढच्या शब्दाला चिकटतो. ‘फेर’चंही या अर्थी तसंच आहे: फेरविचार, फेरमतदान, फेरनिविदा.

रफाराची चूक तर पुनर्विकासाच्या निम्म्या फलकांवर दिसावी इतकी सर्रास होते. रफार ज्या अक्षरावर असतो, त्याच्या आधी ‘र्’ उच्चारायचा. ‘पुर्नविकास’ मोठ्याने वाचा: पुर्-न-विकास. तुम्हाला हवं आहे पु-नर्-विकास. टंकताना क्रम प, उकार, न, र, हलन्त, व असा ठेवला की रफार आपोआप ‘व’वर जातो.

आता ‘तपासणी’. इथे संधीचा प्रश्न येतो आणि तो खरा रंजक आहे. ‘पुनः’मधला विसर्ग मुळात ‘र्’ आहे, ‘स्’ नाही. ‘मनः’चा विसर्ग ‘स्’पासून आलेला, म्हणून मनः + धैर्य = मनोधैर्य. पण पुनः + जन्म याचं ‘पुनोजन्म’ होत नाही, ‘पुनर्जन्म’ होतं, कारण लपलेला ‘र्’ वर येतो. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन (ग, ज, द, ब, म, य, व वगैरे) असेल तर तो असा दिसतो: पुनर्वसन, पुनर्मूल्यांकन, पुनर्विचार. स्वर आला तर ‘र्’ त्यातच मिसळतो. गणपतीला निरोप देताना आपण ‘पुनरागमनाय च’ म्हणतो, ‘पुनर्आगमनाय’ नव्हे. तसंच पुनरुज्जीवन, पुनरावृत्ती.

पुढे कठोर व्यंजन असेल तर ‘र्’ टिकत नाही. क, ख, प, फ आणि श, ष, स यांच्याआधी विसर्ग लिहितात: पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना. म्हणून ‘पुनर्प्रक्षेपण’ आणि ‘पुनर्स्थापना’ नियमाला धरून नाहीत. च आणि त यांच्याआधी विसर्गाचा श् किंवा स् होतो. ‘पुनश्च’ आपण रोज म्हणतो. ‘नमस्ते’मधला स् असाच आला.

या हिशेबाने ‘पुनः + तपासणी’चं ‘पुनस्तपासणी’ व्हायला हवं. ते कुणी म्हणणार नाही, आणि ‘पुनर्तपासणी’ नियमात बसत नाही. अडचण ‘तपासणी’ संस्कृत नसल्याची नाही. पुनर्वापर, पुनर्बांधणी, पुनर्मांडणी हे शब्द मराठीत रुळले आहेत, कारण तिथे पुढे मृदू व्यंजन आहे आणि ‘र्’ बिनबोभाट बसतो. अडतं ते ‘त’पाशी. म्हणून माझं स्पष्ट मत: ‘फेरतपासणी’ लिहा, किंवा सरळ ‘पुन्हा तपासणी’ असं तोडून.

नियमाच्या बाहेर रुळलेला एक शब्द मात्र मी बदलणार नाही: पुनर्रचना. संस्कृतात र् पुढे र आला की पहिला लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो; निः + रस = नीरस होतं ते त्यामुळेच. त्या न्यायाने ‘पुनारचना’ व्हायला हवं होतं. पण 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत मराठीने ‘पुनर्रचना’च स्वीकारलं आहे. दोन्ही र मात्र लिहा, ‘पुनर्चना’ चूकच.

आणखी एक, फक्त पडद्यावर लिहिणाऱ्यांसाठी. ‘पुनःप्रक्षेपण’मध्ये विसर्गाऐवजी विरामचिन्हातला अपूर्णविराम (:) टंकला जातो. दिसायला जवळजवळ सारखा, पण संगणकाला तो शब्दाचा भाग वाटत नाही. मग शब्द शोधात सापडत नाही, आणि ‘पुन:’नंतर जागा सोडायचा मोह होतो. विसर्गाचं चिन्ह वेगळं आहे: U+0903.

तुमच्या नोटिशीतली ओळ अशी होईल: ‘पुनर्विकासाच्या प्रस्तावावर पुनर्विचार करण्यासाठी आणि सभासदयादीच्या फेरतपासणीसाठी विशेष सभा बोलावली आहे.’ ‘सभासदयादी’ही जोडूनच.