ग्रहण खरंच तुमच्या ग्रहावर आलंय का?

आधी सांगा, कुंडली सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची, आहे ना? नवशिके इथेच फसतात. ८ एप्रिल २०२४चं सूर्यग्रहण सायन मेषेत १९ अंशांवर झालं. आपल्या निरयन पंचांगात तेच मीनेत.

मग ग्रहणाचा अंश आणि तुमच्या जन्मकुंडलीतल्या ग्रहाचा अंश यांतलं अंतर बघा. युती म्हणजे दोन्ही एकाच जागी, किंवा प्रतियोग म्हणजे बरोबर समोरासमोर, तोही दोन-तीन अंशांत. बाकीचे योग सध्या सोडा. तुमचा शुक्र सायन मेषेत २० अंशांवर असेल, तर त्या ग्रहणाने नाती आणि पैसा हे विषय ढवळले असं वाचतात. सूर्यग्रहण म्हणजे सुरुवात, चंद्रग्रहण म्हणजे काहीतरी उघड होणं किंवा सुटणं. त्याच दिवशी घडेल असं नाही, पुढचे सहा महिने धरा.

लग्नबिंदूचं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या अंशाचं, मात्र जपून. जन्मवेळेतल्या चार मिनिटांनी तो साधारण एक अंश सरकतो. माझी वेळ ‘सकाळी सातच्या सुमारास’; ग्रहण लग्नबिंदूवरच आलंय असं समजून उगाच दोन महिने धास्तावलो होतो.