‘आपली माहिती संकलित केली जाऊ शकते’ : गोपनीयता धोरणातील एका वाक्याची दुरुस्ती

प्रश्न : फोंड्यात आमचे काजू आणि कोकम आगळाचे दुकान आहे, आता संकेतस्थळावरूनही माल जातो. गोपनीयता धोरण इंग्रजीवरून मराठीत करून घेतले, पण हे वाक्य कोणालाच नीट लागत नाही : ‘आपली सेवा सुधारण्यासाठी आपली वैयक्तिक माहिती संकलित केली जाऊ शकते व ती आपल्या भागीदारांसोबत सामायिक केली जाऊ शकते.’ यातले कोणते शब्द बदलावेत? आम्ही नाव, मोबाइल, पत्ता, ईमेल आणि जन्मतारीख घेतो. पैसे पेमेंट गेटवेतून येतात.

उत्तर : ‘संकलित’ आणि ‘सामायिक’ हे शब्द जड वाटतात म्हणून त्यांच्या जागी ‘गोळा’ आणि ‘वाटून’ घातले, तरी हे वाक्य तितकेच अंधूक राहील. त्याचा खरा दोष ‘आपली’ या शब्दात आणि वाक्याच्या प्रयोगात आहे.

‘आपली’ इथे तीन वेळा आली आहे आणि दर वेळी तिचा मालक बदलतो. सेवा दुकानाची, माहिती ग्राहकाची, भागीदार पुन्हा दुकानाचे. मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असते, बोलणारा आणि ऐकणारा यांना एकत्र घेणारे ‘आपण सगळे’ही असते आणि कर्त्याकडे परत वळणारे आत्मवाचक सर्वनामही असते. ‘त्याने आपली छत्री उचलली’ म्हटले की छत्री त्याचीच, हे आपण कर्त्यावरून ओळखतो. तुमच्या वाक्यात मात्र ‘केली जाऊ शकते’ या रचनेमुळे कर्ताच नाहीसा झाला आहे, त्यामुळे ‘आपली’ला टेकायला जागा उरलेली नाही. परिणामी ‘आपल्या भागीदारांसोबत’ वाचून एखाद्या ग्राहकाला ते त्याच्याच धंद्यातले भागीदार वाटले, तर चूक त्याची नाही. म्हणून अशा मजकुरात ग्राहकासाठी ‘तुम्ही’ आणि दुकानासाठी ‘आम्ही’ एवढीच दोन सर्वनामे ठेवावीत आणि ‘आपण’ पूर्णपणे टाळावे. ‘तुम्ही’ उद्धट वाटेल ही भीती अनाठायी आहे. गोव्यात तर कोकणीतही गिऱ्हाइकाला आदराने ‘तुमी’च म्हणतात.

दुसरी अडचण ‘केली जाऊ शकते’ या शेपटाची. इंग्रजी करारात संभाव्यता दाखवणारे क्रियापद परवानगीचेही काम करते, म्हणजे ‘असे करण्याचा आम्ही हक्क राखून ठेवतो’ हा अर्थ त्यात येतो. मराठी वाचकाला मात्र ‘शकते’ मधून ‘कदाचित होईल, कदाचित नाही’ एवढेच ऐकू येते. ग्राहकाने मागणी नोंदवली की त्याचे नाव आणि पत्ता तुम्ही दर वेळी घेता, त्यात कदाचित काहीच नाही. जे नेहमी होते ते साध्या वर्तमानकाळात लिहावे : ‘घेतो’, ‘देतो’, ‘ठेवतो’. जे कधी होते आणि कधी होत नाही, त्यासाठी मराठीत ‘तर’ आहेच : ‘तुम्ही ईमेल दिलात, तर पावती त्यावर पाठवतो.’ अट उघड लिहिली की ‘शकते’ची गरज उरत नाही. कर्मणी रचना मात्र सरसकट वर्ज्य नाही. ‘पान उघडताच तुमच्या फोनचा आयपी पत्ता आमच्या सर्व्हरवर नोंदला जातो’ हे वाक्य योग्यच आहे, कारण ते काम खरोखरच कोणी बसून करत नाही.

‘भागीदार’ आणि ‘सामायिक’ या दोन शब्दांबद्दलही थोडे सांगतो. मराठीत भागीदार म्हणजे ज्याचा नफ्यातोट्यात वाटा आहे तो, आणि सामायिक म्हणजे ज्यावर अनेकांचा हक्क आहे ते, जसे सामायिक अंगण किंवा सामायिक विहीर. कुरिअर कंपनी तुमची भागीदार नाही आणि ग्राहकाचा पत्ता तिच्याशी सामायिकही होत नाही. तो तिला एका कामापुरता दिला जातो. तेव्हा ‘देतो’ हेच क्रियापद वापरावे आणि कोणाला, हे नावानिशी लिहावे.

आता ‘सेवा सुधारण्यासाठी’. वाक्याचा हाच भाग सर्वांत निरुपद्रवी दिसतो, पण दुरुस्ती करताना खरे काम इथेच आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठीचा २०२३ चा केंद्रीय कायदा सांगतो, की संमती मागताना कोणती माहिती घेणार आणि कशासाठी, हे आधी कळवावे आणि ते स्पष्ट, सोप्या भाषेत असावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत पुढे असेही आहे, की ही सूचना इतर कोणताही मजकूर न वाचता स्वतंत्रपणे समजली पाहिजे आणि तीत माहितीची बाबवार यादी व प्रत्येकीचा ठरावीक हेतू असावा. सूचनेविषयीचा हा भाग लागू होण्यास नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ‘सेवा सुधारण्यासाठी’ हा हेतू कोणत्याही माहितीला चिकटतो, म्हणूनच तो ठरावीक म्हणता येत नाही.

यावर एक सोपी परीक्षा आहे. अर्जातला एकेक रकाना घ्यावा आणि त्याच्यासाठी ‘... म्हणून घेतो’ असे संपणारे, एकच ठोस काम सांगणारे वाक्य लिहून पाहावे. पत्ता : पार्सल तिथे पोचवायचे आहे म्हणून घेतो. मोबाइल : दार बंद असेल तर कुरिअरवाल्याला फोन करता यावा म्हणून घेतो. ईमेल : पावती पाठवायची आहे म्हणून घेतो, पण पावती मोबाइलवरही जात असेल तर ईमेलचा रकाना ऐच्छिक करावा लागेल. जन्मतारखेपाशी मात्र वाक्य अडते. काजूबिया विकायला जन्मतारीख लागत नाही. वाढदिवसाला सवलत देण्याचा विचार असेल तर तो वेगळा हेतू झाला, त्याची संमती वेगळी मागावी लागेल आणि ती नाकारणाऱ्यालाही काजू मिळाले पाहिजेत. कायद्यातल्याच एका उदाहरणात दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे ॲप वापरकर्त्याच्या फोनमधल्या संपर्कांची यादीही मागते, आणि सल्ल्यासाठी ती आवश्यक नसल्यामुळे संमती दिली असली तरी ती त्या यादीला लागू होत नाही असे तिथे म्हटले आहे. तुमची जन्मतारीख त्याच जातीची आहे. माझे मत विचाराल तर तो रकाना काढूनच टाका. त्याच्यासाठी चांगले मराठी वाक्य शोधत बसण्यापेक्षा ते सोपे आहे.

ही परीक्षा अर्जातल्या रकान्यांना पुरते, पण ग्राहक न सांगताही काही माहिती जाते आणि धोरणातले वाक्य सर्वाधिक खोटे पडते ते तिथे. भाषांतर हाती घेण्याआधी तुमचे संकेतस्थळ संगणकावर खासगी खिडकीत उघडा आणि ब्राउझरच्या विकसक साधनांत साठवलेल्या कुकींची यादी पाहा. पिशवीत घातलेला माल लक्षात ठेवणारी एखादी कुकी असेल, ती विक्रीसाठी लागते. तिच्याबरोबर `_ga` दिसली तर गूगल ॲनालिटिक्स चालू आहे, आणि ती कुकी साधारणपणे दोन वर्षे राहते. `_fbp` दिसली तर फेसबुकच्या जाहिरातींसाठी ग्राहकाचा माग काढणारा कोडचा तुकडा, म्हणजे पिक्सेल, बसवलेला आहे. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याने हे आपणहून बसवलेले असते आणि दुकानदाराला त्याची गंधवार्ताही नसते. अशा वेळी ‘कुकी केवळ तुमच्या सोयीसाठी वापरतो’ हे वाक्य कितीही सोपे असले तरी खरे नाही. पिक्सेल हवा की नको ते आधी ठरवा, मग वाक्य लिहा.

कार्डाविषयीही इंग्रजी नमुन्यातले वाक्य डोळे झाकून घेऊ नका. ‘आपल्या कार्डाचा तपशील सुरक्षितपणे साठवला जातो’ असे अनेक ठिकाणी आढळते, परंतु भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी सोडून इतर कोणालाही पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. व्यवहाराची ओळख पटण्यापुरते शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्याचे नाव ठेवता येते.

हे सगळे धरून तुमच्या त्या एका वाक्याच्या जागी मी असा मजकूर सुचवीन :

‘तुम्ही मागणी नोंदवता तेव्हा आम्ही तुमचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक घेतो. पार्सल पोचवण्यासाठी ही माहिती आम्ही कुरिअर कंपनीला देतो (इथे कंपनीचे नाव). ईमेल देणे ऐच्छिक आहे. तुम्ही तो दिलात, तर पावती त्यावर पाठवतो, दुसरे काही पाठवत नाही. पैसे तुम्ही पेमेंट गेटवेच्या पानावर भरता (इथे गेटवेचे नाव). तुमचा पूर्ण कार्ड क्रमांक आमच्याकडे येत नाही. नव्या मालाची आणि सवलतींची खबर तुम्ही खालच्या चौकटीत खूण केली असेल तरच व्हॉट्सॲपवर पाठवतो.’

चौकटीत आधीपासून खूण केलेली नसावी, कारण संमती ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतून यावी लागते. कंसांत खरी नावे भरल्याशिवाय मजकूर प्रसिद्ध करू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण ‘इथे कंपनीचे नाव’ असेच छापलेली धोरणे मी पाहिली आहेत.

‘आपली माहिती कधीही हटवता येईल’ हे वाक्यही तुमच्या धोरणात पुढे कुठेतरी असणार. तसे सरसकट लिहू नका. जीएसटीची नोंदणी असल्यास विक्रीची बिले आणि हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणजे बिलावर छापलेले नाव आणि पत्ता ग्राहकाने सांगितले तरी लगेच पुसता येणार नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘तुम्ही सांगितलेत की तुमचा क्रमांक सवलतींच्या यादीतून काढतो. बिलावरचे नाव आणि पत्ता मात्र कराच्या कायद्याप्रमाणे बिल ठेवावे लागते तोपर्यंत राहतो, नंतर तोही काढून टाकतो.’ संमती परत घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे असेही कायदा म्हणतो. व्हॉट्सॲपची खूण एका टिचकीने होत असेल, तर ती काढण्यासाठी ‘लेखी अर्ज सादर करावा’ हे चालणार नाही. ‘आलेल्या संदेशाला “बंद” असे उत्तर पाठवा’ एवढे पुरे, मात्र ते उत्तर तुमच्याकडे कोणीतरी वाचते किंवा यंत्रणा ते ओळखते याची खात्री हवी. तक्रार दुकानात कोणाकडे करावी आणि तिथे दाद न मिळाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे कशी जाता येते, याची दोन वाक्ये त्याखालीच घालावीत.

तुम्ही विचारले नाही, पण गोव्यात आहात म्हणून सांगतो : सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यायचा आहे, आणि त्या अनुसूचीत मराठीइतकीच कोकणीही आहे. कोकणी मजकूर या मराठीतल्या ‘आहे’चे ‘आसा’ करून उरकू नये, फोंड्यातलेच कोणी कोकणी लिहिणारे गाठून वरच्या ‘... म्हणून घेतो’च्या यादीवरून तो नव्याने लिहून घ्यावा.