वर्गणी वर्षाची, बदली ऑक्टोबरात

प्रश्न: चौघं एका घरात किरायाने राहतो. ओटीटीचे वर्षाचे पैसे मी भरले. मधेच एक गेला, दुसरा आला. कोणाकडून किती घ्यायचे, आणि कोणी दिले हे लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर: आम्ही घाटंजीकडे असेच राहतो. मी औषधाच्या दुकानात, सोबत एक मास्तर, एक बँकवाला आणि एक लाईनमन. 1 जूनला मी 1,440 रुपये भरले, म्हणजे माणशी 360, महिन्याला 30. ऑक्टोबरअखेर लाईनमनची बदली झाली. नवा पोरगा जानेवारीत आला.

एका वर्षी अशाच वेळी आम्ही नव्या माणसाकडून पूर्ण हिस्सा घेतला आणि जाणाऱ्याला काहीच दिलं नाही. चौघांच्या वर्गणीत पाच जणांचे पैसे! कोणाच्या लक्षातही आलं नाही.

यंदा महिने मोजले. लाईनमनने पाच महिने पाहिलं, त्याचे 150. उरले 210. नव्या पोराचे जानेवारी ते मे 150. मधले दोन महिने खोली रिकामी, ते 60 कोणाचे? मास्तर म्हणाले, बदली काय त्याने मागून घेतली का बाप्पा? मग आम्ही तिघांनी वीस-वीस सोसले. स्वतःहून खोली सोडणाऱ्याला हे लागू नाही, असंही तेव्हाच ठरवून टाकलं.

नोंदीचं म्हणाल तर नावापुढे बरोबरची खूण करू नका. कोणी 360 ऐवजी 200 देतो, कोणी दुधाच्या पैशात मिळवून पाठवतो, खुणेत ते मावत नाही. शीटमध्ये तारीख, नाव, रक्कम, कशाचे असे चार रकाने करा. ज्याने दिले त्याला अधिक, ज्याच्यावर चढले त्याला उणे. मी वर्गणी भरली तेव्हा माझ्या नावे 1440 आणि चौघांच्याही नावे -360. मास्तरांनी मला 200 दिले की त्यांना 200, मला -200. नवा पोरगा आला तेव्हा लाईनमनला 210, तिघांना -20, पोराला -150. पोराने 150 थेट लाईनमनला पाठवले, तीही जोडी लिहिली. रोख दिले तर त्याच दिवशी लिहायचे, आठवडी बाजार झाला की कोणालाच आठवत नाही.

```
=SUMIF(B:B,"मास्तर",C:C)
=SUM(C:C)
```

पहिल्याचं उत्तर उणे आलं तर मास्तरांकडे बाकी आहे, शून्य आलं तर हिशोब मिटला. दुसऱ्याचं उत्तर नेहमी शून्यच यायला हवं. नाही आलं तर कुठल्या तरी नोंदीची जोडी राहिली आहे. आमची बेरीज एकदा 20 ने चुकली, बँकवाल्याचीच नोंद राहिली होती.

ऑटोपे असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, तेव्हाच ग्रुपवर टाका, ज्याला नको तो सांगेल. आणि जाणाऱ्याचा हिशोब झाला की त्याच दिवशी सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करून पासवर्ड बदला. आमचा प्लॅन दोन स्क्रीनचा. लाईनमनच्या नव्या घरी तो महिनाभर चालू होता, आणि इकडे आम्ही रेंजला शिव्या घालत बसलो होतो.