सहीखालच्या दोन सह्या

“मी 68 वर्षांची आहे. मृत्युपत्र मीच साध्या कागदावर हाताने लिहिलंय. वकील नाही, स्टँप पेपर नाही, रजिस्टर केलेलं नाही. माझ्यामागे ते टिकेल का?”

कागद साधा असल्याने काही बिघडत नाही, हे मी काकूंना आधी सांगितलं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, ते कोणत्याही भाषेत लिहिता येतं, आणि नोंदणी कायदा 1908 च्या कलम 18 प्रमाणे त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. त्यांचा चेहरा जरा सैलावला. मग मी शेवटचं पान उलटलं. काकूंची सही होती, तारीख होती, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणि पत्तेही होते. दिसायला सगळं चोख. तरी मी विचारलं, “या सह्या कशा झाल्या, ते आठवून सांगा.”

“माझी सही मी आदल्या रात्रीच करून ठेवली होती,” काकू म्हणाल्या. “सकाळी शेजारच्या वहिनी आल्या. मी म्हटलं, ही माझी सही, तुम्ही साक्षीदार म्हणून खाली करा. त्यांनी तिथेच केली. भाचा दूर राहतो, म्हणून लेकीच्या हाती कागद पाठवला. त्याने सही करून परत दिला.”

त्या मृत्युपत्राचा निकाल या मोजक्या वाक्यांतच लागला होता.

भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने एकतर तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही आहे’ असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येकाने स्वतःची सही तुमच्यासमोर करायला हवी. दोघं एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, असं मात्र कायदा म्हणत नाही. वहिनींनी सही होताना पाहिली नव्हती, पण काकूंनी ती कबूल केली आणि वहिनींनी त्यांच्या देखत सही केली. ती साक्ष पक्की. भाच्याने यातलं काहीच पाहिलं किंवा ऐकलं नव्हतं, आणि त्याची सही काकूंच्या गैरहजेरीत झाली होती. म्हणजे कागदावर दोन साक्षीदार, कायद्याच्या हिशेबात एकच. ते मृत्युपत्र वैध नव्हतं.

“पण हे कळणार कुणाला?” काकूंनी विचारलं. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. वाद झाला की मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि साक्षीदारांपैकी कुणी हयात आणि हजर होऊ शकणारा असेल, तर किमान एकाला तिथे उभं करावंच लागतं. त्याला शपथेवर नेमकं हेच विचारतात: सही कुठे झाली, कोण कोण होतं, तुम्ही काय पाहिलं, दुसऱ्या साक्षीदाराने कुणासमोर सही केली? तेव्हा सांगायला काकू नसतील. त्यांच्या वतीने जे काही बोलायचं, ते हे दोघंच बोलणार. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारा आणि कोर्टात यायला तयार असणारा निवडावा, हा माझा आग्रह असतो. वय फार असेल किंवा मोठं आजारपण असेल, तर ओळखीचे डॉक्टर एक साक्षीदार असणं मला फार बरं वाटतं. सहीच्या वेळी मन ठिकाणावर होतं का, हा प्रश्न हमखास निघतो.

मृत्युपत्र रजिस्टर केलं तरी साक्षीदारांची ही अट सुटत नाही. नोंदणीने कागद हरवण्याची किंवा बदलला जाण्याची भीती जाते, दुय्यम निबंधकासमोर ओळख पटते, म्हणून मी ती सुचवतेच. पण साक्षच चुकली असेल तर शिक्का ती दुरुस्त करत नाही.

काकूंची आणखी एक अडचण होती. कुणाला काय दिलंय ते वहिनींनी वाचू नये, असं त्यांना वाटत होतं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरजच नसते. तो तुमच्या सहीचा साक्षीदार असतो. बाकीचा मजकूर झाकून ठेवला तरी चालतं.

भाच्याच्या नावे एक सोन्याची साखळीही लिहिलेली होती. ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करणं टाळावं. ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राला लागू असलेल्या कलम 67 प्रमाणे असा साक्षीदार किंवा त्याचा जोडीदार आपली देणगीच गमावतो. हिंदूंच्या मृत्युपत्राला हे कलम लागू नाही, त्यामुळे भाच्याची साखळी त्या कारणाने गेली नसती. पण उलटतपासणीत संशयाला जागा कशाला ठेवायची? (मुस्लिम व्यक्तींसाठी नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे विचारावेत.)

मग मजकुराकडे वळलो. “माझा राहता फ्लॅट पूर्णपणे मुलीला,” असं लिहिलं होतं. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर निम्मा-निम्मा होता. काका मृत्युपत्र न करता गेले, तेव्हा त्यांची आई हयात नव्हती. त्यामुळे काकांच्या निम्म्याचे तीन सारखे वाटे झाले: काकू, मुलगा, मुलगी. काकूंचं स्वतःचं निम्मं आणि वर एक षष्ठांश, म्हणजे एकूण दोन तृतीयांश त्यांचं. मृत्युपत्राने तेवढंच देता येतं. मुलाचा एक षष्ठांश त्याचाच राहतो. काकू बराच वेळ गप्प होत्या. “मी तर घर माझंच समजत होते,” एवढंच म्हणाल्या. हे त्यांना जिवंतपणी कळलं, याचं मला खरंच समाधान आहे. नाहीतर हा हिशेब भावंडांनी भांडणात मांडला असता.

बँकेच्या ठेवीला नॉमिनी मुलगा होता, आणि मृत्युपत्रात ती दोघांना सारखी वाटलेली. इथे घाबरण्यासारखं काही नव्हतं. नॉमिनीला बँक पैसे देते, पण तेवढ्याने तो मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बँक ठेवींबाबत स्पष्ट केलं आहे. फक्त मुलाला आत्ताच सांगून ठेवा, म्हटलं.

नवा मसुदा काकूंनी पुन्हा स्वतःच्याच अक्षरात लिहिला. सुरुवातीला आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द केल्याचं वाक्य, फ्लॅटबाबत ‘माझा जो काही हिस्सा आहे तो’, आणि शेवटी ‘वर न लिहिलेली बाकी सर्व मालमत्ता’ कुणाला, ते. हे शेवटचं वाक्य पहिल्यांदा लिहिणारे हटकून विसरतात, आणि नंतर उघडलेलं एखादं खातं कुणाच्याच वाट्याला लिहिलेलं नसतं. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर म्हणून त्यांनी धाकट्या बहिणीचं नाव घातलं. पूर्वीच्या कागदावर एक आकडा खोडून वर दुसरा लिहिला होता. सह्या झाल्यावर केलेली अशी खाडाखोड त्याच पद्धतीने पुन्हा सह्या-साक्षी केल्याशिवाय धरली जात नाही, म्हणून कोरी पानं घेतली.

सह्यांच्या दिवशी काकू, वहिनी आणि त्यांच्या ओळखीच्या डॉक्टर एकाच खोलीत बसल्या. कायद्याला एवढं लागत नाही, पण पुढे सांगायला ती गोष्ट सोपी जाते. काकूंनी प्रत्येक पानावर सही केली, दोघींनी ती पाहिली, मग काकूंच्या देखत आपापली केली.

जुना कागद टेबलावरच होता. “हा ठेवू का?” काकूंनी विचारलं. मी म्हटलं, दोन कागद सापडले की गोंधळ होतो. तुमच्याच हाताने फाडा. त्यांनी तो फाडला, आणि नवा कागद कुठल्या कपाटात आहे ते सांगायला बहिणीला फोन लावला.