जागतिकीकरणाचा परिणाम देशाच्या सरासरीत का दिसत नाही

प्रश्न: काही जण म्हणतात जागतिकीकरणाने स्थानिक उद्योग बुडवले, काही म्हणतात त्यानेच रोजगार आणि स्वस्ताई आणली. दोन्ही बाजू आकडे देतात. मग खरं काय मानायचं? आणि संस्कृतीवरचा परिणाम मोजता येतो का?

उत्तर:

दोन्ही बाजूंचे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, फक्त ते वेगवेगळ्या पातळीवर मोजलेले असतात. व्यापार खुला झाल्याचा फायदा देशभर थोडाथोडा पसरतो. नुकसान मात्र मोजक्या गावांत आणि मोजक्या धंद्यांत साचतं. म्हणून देशाची सरासरी पाहणाऱ्याला फायदा दिसतो आणि एखाद्या कारखान्याच्या गावाकडे पाहणाऱ्याला तोटा. हे सर्वांत नीट तपासलं गेलंय ते चीनमधून अमेरिकेत झालेल्या आयातीच्या बाबतीत, म्हणून तेच उदाहरण सविस्तर घेतो.

ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेने चीनला कायमस्वरूपी सामान्य व्यापारी दर्जा, म्हणजे दरवर्षी नूतनीकरण न करता इतर देशांसारखंच कमी आयात शुल्क, देणारा कायदा केला आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. फर्निचर, कपडे, पादत्राणे, खेळणी, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांची आयात झपाट्याने वाढली. त्याच काळात, २००० ते २०१० या दहा वर्षांत, अमेरिकेतल्या कारखान्यांमधल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७३ लाखांवरून १ कोटी १५ लाखांवर आल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘चीनने नोकऱ्या खाल्ल्या’ म्हणणं सोपं आहे. पण याच काळात यंत्रंही वाढली आणि २००८ ची मंदीही आली. कोणामुळे किती, हे वेगळं काढायचं कसं?

डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये याची एक पद्धत मांडली. त्यांनी अमेरिकेचे ७२२ भाग पाडले. लोक जिथे राहतात आणि जिथे रोज कामाला जातात तो टापू म्हणजे एक भाग. मग प्रत्येक भागावर आयातीचा भार दर कामगारामागे किती पडतो, ते काढलं.

हिशेब कसा होतो ते काल्पनिक आकड्यांनी दाखवतो. समजा, देशात फर्निचर बनवणारे ५ लाख कामगार आहेत आणि फर्निचरची आयात १,००० कोटी डॉलरने वाढली. एका भागात सगळ्या धंद्यांत मिळून १ लाख कामगार आहेत, त्यातले २०,००० फर्निचरमध्ये. म्हणजे देशातल्या फर्निचर कामगारांपैकी ४ टक्के इथे आहेत, म्हणून वाढीव आयातीतले ४० कोटी डॉलर या भागाच्या नावे लावायचे. त्याला १ लाख कामगारांनी भागलं की दर कामगारामागे ४,००० डॉलर येतात. तेवढ्याच कामगारसंख्येच्या दुसऱ्या भागात फर्निचरमध्ये फक्त १,००० लोक असतील, तर तिथला भार येतो २०० डॉलर. देश तोच, आयात तीच, पण भार वीसपट वेगळा. सरासरीत नेमकं हेच दडून राहतं.

यात एक अडचण असते. लोकांच्या हातात पैसा आला की फर्निचरची मागणी वाढते, तेव्हा आयातही वाढते आणि देशातले कारखानेही जोरात चालतात. अशा वेळी आयात निरुपद्रवी वाटते. म्हणून त्यांनी चीनचा माल त्याच काळात इतर आठ श्रीमंत देशांत किती वाढला ते पाहिलं. अमेरिकेसारखाच तो जर्मनीत, जपानमध्ये, स्पेनमध्येही वाढला असेल, तर त्याचं कारण अमेरिकेतली मागणी नाही, चीनची वाढलेली क्षमता आहे. तेवढीच वाढ हिशेबात धरली.

निष्कर्ष असा आला: एका दशकात आयातीचा भार दर कामगारामागे १,००० डॉलरने वाढला, की त्या भागातल्या कामाच्या वयाच्या लोकसंख्येत कारखान्यात काम करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ०.६ टक्का-अंकाने घटतं, म्हणजे समजा ते १२ टक्के असेल तर ११.४ टक्के होतं. वरच्या काल्पनिक उदाहरणात म्हणजे जवळपास २.४ टक्का-अंक. आणि १९९० ते २००७ मधल्या कारखानी नोकऱ्यांच्या एकूण घटीपैकी साधारण एक चतुर्थांश घट चिनी आयातीने समजावता येते. एक चतुर्थांश म्हणजे थोडं नाही, पण बाकीच्या तीन चतुर्थांशाचं खापरही व्यापारावर फोडता येत नाही.

हा अभ्यास वाचताना सर्वांत जास्त चूक होते ती इथे. ही पद्धत जास्त भार आलेल्या भागांची तुलना कमी भार आलेल्या भागांशी करते. जो परिणाम सगळीकडे सारखा होतो, तो अशा तुलनेत वजा होऊन जातो. स्वस्त झालेले बूट दोन्ही भागांतल्या लोकांना स्वस्तच मिळाले, म्हणून तो फायदा या हिशेबात दिसतच नाही. आयात सुटे भाग वापरून स्वस्तात माल बनवणाऱ्या कारखान्यांचं भलंही यात पुरतं येत नाही. म्हणून ‘देशाचं एकूण नुकसान झालं’ असं या अभ्यासाच्या जोरावर म्हणता येत नाही. कुणाचं झालं आणि कुठे झालं, एवढंच तो सांगतो, आणि ते मात्र भक्कमपणे सांगतो.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो नंतर काय झालं याचा. जुन्या पाठ्यपुस्तकांत असं गृहीत धरलेलं असे की एक धंदा बसला की कामगार दुसऱ्या धंद्यात किंवा दुसऱ्या गावात जातील. पण फटका बसलेल्या भागांतून माणसं फारशी हललीच नाहीत. घराची किंमत पडलेली, त्यामुळे ते विकून दुसरीकडे घेता येत नाही, आईवडील जवळ, आणि कौशल्य त्या एकाच धंद्याचं. उलट, कारखाना बंद पडल्यावर दुकानं आणि सेवा व्यवसाय यांतही पगार दबले, कारण गावात खर्च करणारे कमी आणि काम मागणारे जास्त झाले. आयातीची लाट २०१० च्या सुमारास स्थिरावली, पण याच संशोधकांनी पुढे पाहिलं तर २०१९ पर्यंतही या भागांतला रोजगार सावरलेला नव्हता. भारतातही अर्थतज्ज्ञ पेतिया टोपालोवा यांना १९९१ नंतरच्या आयात शुल्कातल्या कपातीबाबत याच जातीची गोष्ट आढळली: ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या धंद्यांचं संरक्षण जास्त घटलं, तिथे गरिबी इतरांपेक्षा सावकाश कमी झाली. तिथेही लोक जिल्हा सोडून फारसे गेले नव्हते.

मदतीचं काय? व्यापारामुळे काम गेलेल्यांसाठी अमेरिकेत १९६२ पासून खास योजना होती. पण वर सांगितलेल्या १,००० डॉलरच्या भारामागे सरकारी मदत दरडोई सुमारे ५८ डॉलरने वाढली, त्यात या योजनेचा वाटा पाव डॉलरही नव्हता. बाकीचा पैसा वैद्यकीय मदत, अपंगत्व भत्ता, निवृत्तिवेतन अशा मार्गांनी गेला. अपंगत्व भत्त्यावर गेलेला माणूस कामावर परतण्याची शक्यता कमीच असते. म्हणजे मदत मिळाली, पण नवं काम शिकवणारी मदत जवळजवळ मिळालीच नाही. २०२२ मध्ये ती योजना नव्या अर्जांसाठी बंदही झाली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जर्मनीत १९८८ ते २००८ या काळात चीन आणि पूर्व युरोपशी व्यापार वाढला, त्याचा अशाच पद्धतीने हिशेब झाला. तिथेही आयातीचा मार बसलेल्या भागांत नोकऱ्या गेल्या. पण यंत्रं आणि गाड्या निर्यात करणाऱ्या भागांत त्याहून जास्त वाढल्या, आणि निव्वळ वाढ सुमारे ४ लाख ४२ हजार पूर्णवेळ नोकऱ्यांची निघाली. वाढलेली आयात आपल्या निर्यातीने कितपत भरून निघते, यावर देशाचा एकूण निकाल बराच अवलंबून असतो.

आयात शुल्क वाढवून गेलेला धंदा परत येतो का? अमेरिकेने चीनच्या लाकडी बेडरूम फर्निचरवर २००५ च्या सुरुवातीला अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी कमी किमतीत विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क, लावलं. खरेदीदारांनी ऑर्डरी व्हिएतनामकडे वळवल्या. २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लागलं, तेव्हा देशात सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्या. पण वॉशिंग मशीन महागलीच, शिवाय तिच्या जोडीने विकला जाणारा ड्रायरही महागला, ज्यावर शुल्क नव्हतंच. ग्राहकांनी मोजलेला जादा पैसा धरला तर एकेका नोकरीची किंमत ८ लाख डॉलरच्या वर गेली. शुल्क कधीच लावू नये असं मी म्हणत नाही. पण एका देशावर लावलेलं शुल्क माल कुठून येतो ते बदलतं, तो परका राहतोच.

आता संस्कृती. खाणं, कपडे, गाणी यांवरची चर्चा आवडीनिवडीत अडकते, म्हणून मी ती बाजूला ठेवतो. मोजता येतं ते घर. अमेरिकेत ज्या भागांत पुरुषांच्या कारखानी नोकऱ्या गेल्या, तिथे तरुणांची लग्नं कमी झाली आणि एकट्या आईबरोबर वाढणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. बांगलादेशात तयार कपड्यांच्या निर्यातीने मुलींना पगारी काम दिलं, आणि कारखान्यांच्या जवळच्या गावांत मुली जास्त शिकू लागल्या, त्यांची लग्नं आणि बाळंतपणं लांबली. त्याच उद्योगात २०१३ मध्ये राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसं मेली, हेही विसरता येत नाही. दोन्ही देशांत कुटुंबाची रीत बदलली. घरात कमावतं कोण, हे जिथे बदलतं तिथे चालीरीतीही बदलतात, आणि तो बदल चांगला की वाईट हे बहुधा कमाई कुणाच्या हातात आली त्यावर ठरतं.

तुम्हाला एखाद्या धंद्याबद्दल स्वतः तपासायचं असेल, तर आधी देशातला एकूण वापर काढा: उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. त्यात आयातीचा वाटा दहा वर्षांत किती बदलला ते पाहा, आणि शेजारी उत्पादन नगांत किंवा टनांत लिहा, रुपयांत नको, कारण महागाई आकडे फुगवते. उत्पादन टिकून आहे, आयातीचा वाटाही तसाच आहे, पण कामगार घटले, तर बहुधा यंत्रांनी काम घेतलं. उत्पादन पडलं आणि आयातीचा वाटा चढला, तर संशय व्यापारावर. उत्पादन आणि आयात दोन्ही घसरले असतील, तर लोकांनी ती वस्तूच वापरणं कमी केलंय, आणि तिथे शुल्काचा उपयोग नाही. एक काळजी घ्या: सुटे भाग आयात करून इथे जोडणाऱ्या धंद्यात उत्पादनाचे नग वाढलेले दिसतात, पण मूळ काम बाहेर गेलेलं असतं. तिथे सुट्या भागांची आयात वेगळी काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.