करारात एआयबद्दल एक अक्षर नाही, मग क्लायंटला सांगायचं का?

प्रश्न: «मी साताऱ्यात घरून मराठी कंटेंट आणि भाषांतराची कामं करतो. हल्ली पहिला ड्राफ्ट चॅटजीपीटीकडून काढतो आणि मग नीट करतो. करारात एआयबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तरी क्लायंटला सांगावं लागतं का? आणि दर कमी करावा का?»

सांगावं लागतं. करारात एआय हा शब्द नाही म्हणून मोकळीक मिळते, हा समज आधी काढून टाका. करार पुन्हा उघडा आणि तीन जुनी कलमं शोधा: काम तुम्ही स्वतः केलेलं आणि मूळ असेल, क्लायंटची माहिती तिसऱ्या कुणाला देणार नाही, आणि चुकीमुळे नुकसान झालं तर भरपाई तुमच्यावर. ही कलमं चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधीपासून करारात असतात, आणि तुम्ही एआयचं साधन वापरता तेव्हा तिन्ही लागू होतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही. याच मुद्द्यावर माझं एका एजन्सीशी भांडण झालंय आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी सांगलीत राहते. शेती-औषधांच्या माहितीपुस्तिका, लेबलं, शेतकरी मेळाव्यांची पत्रकं हे माझं मुख्य काम. पुण्याच्या एका एजन्सीकडून द्राक्ष बागायतदारांसाठीच्या पुस्तिकेचं काम आलं. क्लायंट औषध कंपनी, मूळ मजकूर इंग्रजीत. सोबत मराठीही तयार होतं. एजन्सीतले साहेब फोनवर म्हणाले, «ताई, ऐंशी टक्के काम मशीनने केलंय. तुम्ही फक्त नजर फिरवा.» दर अर्थातच प्रूफरीडिंगचा.

मराठी वाचायला गुळगुळीत होतं. व्याकरण ठीक, ऱ्हस्व-दीर्घ ठीक. नवीन माणसाला हेच कळत नाही. पूर्वी कच्च्या भाषांतरकाराची चूक भाषेतच दिसायची, वाक्य अडखळलं की तिथं बोट ठेवता यायचं. या मजकुरात वाक्य कुठंच अडखळत नाही आणि चूक आकड्यात बसलेली असते.

एका बुरशीनाशकाच्या पानावर इंग्रजीत होतं की काढणीच्या आधीच्या ३० दिवसांत हे फवारू नये. बागायतदार याला सरळ पीएचआय म्हणतात. मराठीत छापायला तयार होतं: «काढणीनंतर ३० दिवस फवारणी करू नये.» म्हणजे काढणीच्या आदल्या दिवशी फवारलं तरी चालेल! तासगाव, मिरज, पलूस भागातला माल युरोपला जातो आणि त्याआधी त्यात औषधाचा अंश किती उरलाय हे प्रयोगशाळेत तपासलं जातं. नमुना नापास झाला की त्या बागेचा माल निर्यातीतून बाहेर. शिवाय लेबलावरची ही मुदत सरकारी नोंदणीत मंजूर झालेली असते. ती पुस्तिकेत बदलायचा अधिकार कंपनीलाही नसतो, मग भाषांतरकाराला कुठून असणार?

दुसरी चूक जीएच्या, म्हणजे द्राक्षाला वापरतात त्या जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या, तक्त्यात होती. इंग्रजीत फक्त «१० पीपीएम» एवढंच. मराठीत पुढं कंसात हिशेब आला होता: २०० लिटर पाण्यात २० ग्रॅम. हा हिशेब मूळ मजकुरात नव्हताच. साधनाने तो आपल्या मनाने घातला, आणि चुकीचा घातला. एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. दहा पीपीएमने २०० लिटरला २,००० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम. छापलं असतं तर मात्रा दहापट गेली असती.

तपासायची माझी पद्धत सांगते, कारण तुम्ही «नीट करतो» म्हणालात आणि नीट करणं म्हणजे काय हे तुम्ही सांगितलं नाहीत. आधी मराठी वाचायचंच नाही. मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा आणि त्याचं एकक एका रकान्यात काढायचं, मराठीतला दुसऱ्या रकान्यात, आणि जोड्या लावायच्या. मराठीत ज्या आकड्याला जोडीदार सापडत नाही तो संशयित. जीएचे २० ग्रॅम असेच पकडले. पण पीएचआयची चूक यात सापडत नाही, कारण ३० ला ३० ची जोडी लागते. म्हणून दुसरी फेरी फक्त दिशेच्या आणि नकाराच्या शब्दांची: आधी, नंतर, पर्यंत, नये, किंवा, वगळता. असा शब्द आला की मूळ वाक्य समोर ठेवायचं. भाषेला हात लावायचा तो या दोन फेऱ्यांनंतर.

आणि तपासणी त्याच साधनाकडून करून घेऊ नका. एजन्सीने तेच केलं होतं. मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घेतलं, ते मूळ मजकुराच्या जवळ आलं आणि साहेबांनी ते «क्वालिटी चेक झालाय» म्हणून मला पाठवलं. उलट भाषांतरात साधन अर्थ सावरून घेतं, त्यामुळे मधली चूक झाकली जाते. त्यापेक्षा त्या विषयातला माणूस बरा. माझे चुलत सासरे मणेराजुरीत बाग करतात. त्यांना मी तक्ता मोठ्याने वाचून दाखवत होते. जीएच्या ओळीला त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. «दोनशेला वीस ग्रॅम? दोन घालतोय की गं आम्ही. कुणी लिवलंय हे?»

चुका लाल करून मी एजन्सीला पाठवल्या आणि लिहिलं की पहिला मसुदा साधनाने केलाय हे क्लायंटला कळवा, म्हणजे त्यांचे कृषितज्ज्ञ त्या नजरेने पुन्हा एकदा तपासतील. उत्तर आलं, «दुरुस्त झालं ना? मग क्लायंटला निकालाशी मतलब.» तेव्हा मी माझाच करार काढून वाचला. काम मी स्वतः केलेलं आणि मूळ आहे याची हमी काम सोपवताना माझ्या सहीने द्यायची होती, भरपाईही माझ्यावर. आणि त्या पुस्तिकेत कंपनीच्या अजून प्रसिद्ध न झालेल्या चाचण्यांचे आकडे होते. ते एजन्सीने फुकटच्या खात्यातून साधनात टाकले होते. अशा खात्यात टाकलेला मजकूर सेटिंग बंद केलं नसेल तर साधन शिकवायला वापरला जाऊ शकतो. मराठी कितीही सुंदर झालं तरी गोपनीयतेचं कलम त्या क्षणीच मोडलं होतं. मी त्या हमीवर सही केली नाही. दुरुस्त्या त्यांनी वापरल्या, पैसे प्रूफरीडिंगचेच दिले आणि त्यानंतर काम दिलं नाही.

«निकालाशी मतलब» म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातलं डेलॉइट या सल्लागार कंपनीचं प्रकरण वाचावं. तिथल्या सरकारी रोजगार खात्यासाठी डेलॉइटने केलेला सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल २०२५ च्या जुलैत प्रसिद्ध झाला. त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले, न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक अवतरणही बनावट निघालं. ऑक्टोबरमध्ये सुधारित प्रत आली, आणि जीपीटी-४ओ हे एआय मॉडेल वापरल्याचा उल्लेख त्या प्रतीत आला. डेलॉइटला शेवटचा हप्ता परत द्यायचं कबूल करावं लागलं. तोच उल्लेख पहिल्या प्रतीत असता तर खात्याच्या लोकांनी संदर्भ आधीच तपासले असते, असं मला वाटतं. क्लायंटला सांगायचं ते यासाठी, की कुठं बारकाईनं बघायचं हे त्याला कळावं.

आता मी प्रत्येक कामाच्या ईमेलमध्ये एवढं घालते. तुम्हाला हवं तर तसंच उचला:

«या कामात लेखन-साधन वापरले असल्यास ते कोणत्या भागासाठी वापरले हे काम सोपवताना लेखी कळवीन. आपला अप्रकाशित मजकूर, चाचण्यांचे आकडे व ग्राहकांची माहिती अशा साधनात टाकणार नाही. आकडे, मात्रा, तारखा व इशारे मूळ दस्तऐवजाशी मी स्वतः ताडून पाहीन. मूळ दस्तऐवजातील चुकीची जबाबदारी आपली राहील. केवळ एआय-शोधक सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवरून मानधन रोखता येणार नाही.»

शेवटचं वाक्य गाळू नका. काही क्लायंट मजकूर एआय-शोधकात टाकतात आणि तुम्ही स्वतः लिहिलेल्यावरही एआयचा शिक्का मारतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा असा शोधक अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. तरी ड्राफ्टच्या सगळ्या आवृत्त्या तारखेनिशी जपून ठेवा. वाद झाला तर त्याच कामाला येतात.

हक्कांचं थोडं वेगळं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. पण ती आजची साधनं यायच्या आधीची. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय निव्वळ साधनाने लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देत नाही. क्लायंट तिकडचा असेल आणि सगळे हक्क मागत असेल, तर «संपूर्ण मूळ» या हमीवर सही करण्याआधी हे बोलून घ्या. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा, मी वकील नाही.

एक राहिलं. मी साधनांच्या विरोधात नाही. मथळ्यांचे पर्याय आणि इंग्रजी ईमेल यासाठी मीही वापरते आणि तसं कळवते. दुकानाच्या दिवाळी शुभेच्छांसाठी वरचा सगळा पसारा नको, एक ओळ सांगितली तरी पुरे. औषध, कर्ज, विमा, सरकारी योजना असं काही असेल तर मात्र यातलं काहीही सोडू नका.

दराचं तुमचं तुम्ही ठरवा. लिहायचा वेळ वाचतो हे खरं, पण रकाने मांडून जोड्या लावण्यात तो परत जातो, आणि करारात भरपाई तुमच्याच नावावर असते. त्या साहेबांचा फोन परवा पुन्हा आला होता. यंदा डाळिंबाची पुस्तिका आहे, ऐंशी टक्के तयार आहे म्हणाले. मी पानाचा पूर्ण दर सांगितला आणि एआय वापरल्याचं क्लायंटला कळवणारं पत्र आधी मागितलं.